वाळकी पोळी ‘ओला’ कचरा कशी?

आमच्या तिसरीच्या वर्गात दोन डबे आहेत, हिरवा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा. डबे येऊन दोन वर्षं झाली होती, डब्यांवर चित्रं होती, मुलांना घोषणाही पाठ होती. तरी एक दिवस मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा पोळीचा तुकडा निळ्या डब्यात टाकताना दिसला. मी थांबवलं, तर त्याने तुकडा माझ्यासमोर धरून टक् करून मोडून दाखवला. “बाई, कडक झालीय. जरापण ओली नाहीये.”

त्याच्या मागे उभी असलेली मुलगी पाण्याची रिकामी बाटली हिरव्या डब्यात टाकत होती. बाटलीतून थेंब गळत होते. तिच्या हिशेबाने ती ओली होती.

दोघंही बरोबर होते, म्हणजे मराठी म्हणून बरोबर होते. ओलं म्हणजे भिजलेलं आणि सुकं म्हणजे कोरडं, हा अर्थ आपणच त्यांना शिकवलेला असतो. अंगणातला ओला टॉवेल आणि वाळत टाकलेला सुका टॉवेल यात त्यांची कधी चूक होत नाही. कचऱ्याच्या बाबतीत मात्र मोठी माणसं ‘ओला’ म्हणताना मनात ‘कुजणारा’ असा अर्थ धरतात आणि मुलांना तो सांगायचा राहून जातो. कांद्याची खरखरीत सालं, वाळलेली फुलं, शेंगदाण्याची टरफलं, चार दिवसांची पोळी हे सगळं हातात कोरडं लागतं, पण मातीत गेलं की कुजतं. म्हणून ते ओल्यात. गळकी बाटली पाण्याने निथळत असली तरी पन्नास वर्षांनीही कुजणार नाही. म्हणून ती सुक्यात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर कचऱ्याचा प्रकल्प करायचा असेल तर सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. पोस्टर, घोषणा, फेरी हे सगळं नंतर. आम्ही प्रकल्प तीन आठवड्यांचा केला. आधी घरचा तक्ता, मग बरणीतला एक प्रयोग आणि शेवटी वर्गाच्या डब्याची तपासणी. तपासणीनेच आमचे बरेच समज मोडले, पण क्रमाने सांगते.

पहिल्या दिवशी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कुजेल का? कुजणार नसेल, तर याने कोणाला टोचेल किंवा अपाय होईल का? तेही नसेल, तर हे धुऊन-पुसून कोणी परत वापरायला नेईल का? पहिल्याला ‘हो’ आलं की ओला. दुसऱ्याला ‘हो’ आलं की वेगळं ठेवायचं. उरलेलं सगळं सुक्यात, आणि तिसऱ्या प्रश्नावरून कळतं की त्यातलं भंगारात विकलं जाईल असं काय आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत घराघरात कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले होते. २०२६ च्या नव्या नियमांत ते चार झाले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सॅनिटरीत डायपर आणि पॅड येतात. विशेष काळजीच्या कचऱ्यात बिघडलेले दिवे, जुनी औषधं, रंगाचे डबे, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर वगैरे. मुलांना ‘विशेष काळजीचा’ हे नाव जड गेलं, म्हणून आम्ही त्याला ‘जपून’ म्हटलं. सॅनिटरी कचऱ्याबद्दल एवढंच सांगितलं की बाळाचा डायपर कागदात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा घेणाऱ्या मावशींना पुडकं उघडून बघावं लागत नाही. पुण्यात ही लाल ठिपक्याची पद्धत बऱ्याच घरांत माहीत आहे. मात्र घरच्या तक्त्यात हा रकाना मोजायला दिला नाही. घरात कोण काय वापरतं याची नोंद मुलाने वहीत आणावी हे मला पटत नाही, आणि ती मोजून शिकण्यासारखं त्यात काही नाही.

घरचा तक्ता

तक्ता एका आठवड्याचा, एका पानाचा. कचरा घरी तोलायचा नाही. बहुतेक घरांत काटा नसतो, आणि असला तरी आई तो कचऱ्याला लावू देणार नाही. ओला कचरा डबा किती भरला यावर मोजायचा: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. तिसरीच्या मुलांना एवढे अपूर्णांक येतात. सुक्याच्या वस्तू रेघांनी मोजायच्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. ‘जपून’मध्ये वस्तूचं नाव लिहायचं. शेवटचा रकाना प्रश्नचिन्हाचा: जी वस्तू कुठे टाकावी हे घरात कोणालाच ठरवता आलं नाही, तिचं नाव तिथे.

एका मुलीचा तक्ता असा आला:

| वार | ओला डबा | सुका | जपून | ? |
|---|---|---|---|---|
| सोम | अर्धा | ७ | – | – |
| मंगळ | अर्धा | ५ | – | चहाचा कागदी कप |
| बुध | पाव | ६ | घड्याळाचा सेल | – |
| गुरु | अर्धा | ४ | – | हारातला दोरा |
| शुक्र | अर्धा | ८ | – | चिप्सची पिशवी |
| शनि | पाऊण | ९ | – | गोळ्यांची पट्टी |
| रवि | पूर्ण | १४ | – | करवंटी, केसांचा गुंता |

बेरीज तिनेच केली. ओला चार डबे, सुक्या वस्तू ५३. रविवारी दोन्ही आकडे का फुगले, हे तिला विचारलं तर म्हणाली, “मामा आले होते. मासे आणले आणि भेळ पार्सल आणली.” एका तक्त्यातून एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

इथे एक खबरदारी. हे तक्ते भिंतीवर शेजारी शेजारी लावू नयेत आणि ‘सगळ्यात कमी कचरा कोणाचा’ अशी स्पर्धा तर मुळीच नको. ज्या घरात बाहेरचं खाणं परवडत नाही त्या घराचा सुका कचरा आपोआप कमी असतो. ज्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली आहे त्या घराचा जास्त असतो. शिवाय स्पर्धा लावली की दुसऱ्याच दिवसापासून आकडे खोटे येऊ लागतात. आम्ही तक्ते वहीत ठेवले आणि फक्त प्रश्नचिन्हाचा रकाना फळ्यावर एकत्र केला.

तो रकानाच सगळ्यात कामाचा ठरला. केळीचं साल आणि वर्तमानपत्र याबद्दल कोणाला शंका नसते. त्यावर तास घालवण्यात अर्थ नाही. मुलं जिथे अडतात तिथेच तीन प्रश्न वापरून बघता येतात.

अंड्याचं टरफल कुजायला वेळ घेतं, पण मातीत मिसळतं, म्हणून ओल्यात. चहाचा चोथा ओल्यात. नारळाची करवंटी कुजते, पण इतकी सावकाश की घरच्या खताच्या मडक्यात ती तशीच पडून राहते. मडक्यात ती टाकू नये. घंटागाडीला देताना ओल्यात की वेगळी, हे आपल्या गावची पालिका काय सांगते त्यावर ठरतं. देवाचा हार ओल्यात, पण आधी दोरा आणि जरीचा गोंडा काढून. दोरा सुती असेल तर तो कुजेल, चकचकीत नायलॉनचा असेल तर नाही. हे एका आजोबांनी दोरा ओढून बघून सांगितल्याचं दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. फुटलेली काचेची बांगडी टोचणारी. जाड कागदात गुंडाळायची आणि वर ‘काच’ लिहायचं, म्हणजे कचरा निवडणाऱ्याचा हात कापत नाही. गोळ्यांची रिकामी पट्टी प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम चिकटवून केलेली असते. ती सुक्यात जाते, पण तिला भंगारवाला सहसा हात लावत नाही. पट्टीत जुन्या गोळ्या उरल्या असतील तर मात्र ‘जपून’.

दुधाच्या पिशवीचा प्रश्न कोणाच्या तक्त्यात नव्हता, तो मीच काढला. आपण पिशवीचा कोपरा कातरतो आणि तो इवलासा त्रिकोण सिंकवर, तिथून ओल्या कचऱ्यात जातो. पिशवी भंगारात विकली जाते, पण तो तुकडा इतका लहान असतो की कोणाच्याच हाती लागत नाही आणि खतात जसाच्या तसा निघतो. कोपरा पूर्ण न तोडता पिशवीला लटकता ठेवायचा, पिशवी विसळायची आणि ते पाणी झाडांना घालायचं. दुसऱ्या दिवशी सात-आठ मुलांनी लटकत्या कोपऱ्याच्या पिशव्या दप्तरातून आणल्या. एकीने ती विसळली नव्हती. त्या दिवशी वर्गाला वास आला, पण विसळायचं का हे वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि मग चिप्सची पिशवी. सगळ्यात जास्त तक्त्यांत तीच होती. आतून चंदेरी दिसते म्हणून मुलं तिला पत्रा समजतात. याला एक सोपी परीक्षा आहे. पिशवी मुठीत घट्ट चुरगळायची आणि मूठ उघडायची. डब्यातली पोळी गुंडाळतो तो फॉइलचा कागद चुरगळला तसाच राहतो. तो धातू आहे. चिप्सची पिशवी हळूहळू उलगडत परत पसरते, कारण ती मुळात प्लॅस्टिकची, आत धातूचा अगदी पातळ थर दिलेला. हे थर सहज वेगळे करता येत नाहीत, म्हणून तिला भंगारात भाव नाही. टाकायची सुक्यातच. अशा पिशव्या पुढे काही ठिकाणी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळल्या जातात. त्या दिवशी वर्ग पंधरा मिनिटं फक्त मुठी मिटत आणि उघडत होता.

बरणीतला प्रयोग

एका मुलाने विचारलं, “कागदपण कुजतो ना, मग तो ओल्यात का नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे. पहिल्या प्रश्नावर कागदाला ‘हो’ म्हणावं लागतं. उत्तर असं की कागद कुजवण्यापेक्षा त्याचा परत कागद करणं फायद्याचं असतं. कसं, ते तोंडी सांगण्याऐवजी तीन बरण्या घेतल्या.

झाकणाच्या तीन सारख्या प्लॅस्टिक बरण्या, प्रत्येकीत अर्ध्यापर्यंत कोमट पाणी. पहिलीत वर्तमानपत्राचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, दुसरीत चहाच्या कागदी कपाचे तेवढेच तुकडे, तिसरीत चिप्सच्या पिशवीचे. रात्रभर भिजत ठेवलं आणि सकाळी मुलांनी आळीपाळीने बरण्या जोरजोरात हलवल्या. पहिल्या बरणीत थोड्याच वेळात राखाडी, पेजेसारखा लगदा झाला. तो गाळण्यावर घेऊन दाबला तर त्यातले बारीक धागे दिसतात. ते झाडाच्या लाकडातले तंतू. कागदाच्या गिरणीत मोठ्या प्रमाणावर हेच करतात: कागद पाण्यात भिजवून लगदा, लगदा जाळीवर पसरून पुन्हा कागद. दर वेळी तंतू थोडे तुटतात, आखूड होतात, म्हणून हे कायम चालत नाही. वहीच्या कागदाचा पुढे पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे.

दुसऱ्या बरणीतला कप मुलांनी ‘कागदी’ म्हणून सोडवला होता. त्यातून कागद सुटला खरा, पण पाण्यावर पारदर्शक पापुद्रे तरंगायला लागले. कपाच्या आतून प्लॅस्टिकचा थर असतो, नाहीतर चहा गळला असता. एकीने तो पापुद्रा बोटावर घेऊन खिडकीशी धरला आणि अख्खा वर्ग तिथे गोळा झाला. तिसऱ्या बरणीत काहीच झालं नाही. पाणी स्वच्छ, तुकडे जसेच्या तसे.

मग पहिल्याच प्रकारचा आणखी एक तुकडा घेतला, पण त्याला आधी डब्यातल्या भाजीचं तेल लावलं. तो नीट भिजेचना. तेलकट भाग पाण्याला जवळ येऊ देत नाही. भजी गुंडाळलेला कागद रद्दीत का चालत नाही, हे त्यातून कळलं. तो ओल्यातच टाकायचा, कारण त्याचा लगदा होत नसला तरी तो कुजतो.

वर्गाची तपासणी

याआधी मी एका गोष्टीकडे लक्ष दिलं नव्हतं. संध्याकाळी वर्ग झाडणाऱ्या मावशींना विचारलं, दोन डबे तुम्ही कुठे रिकामे करता? त्या म्हणाल्या, “बाई, पिशवी एकच देतात. दोन्ही त्यातच.” म्हणजे दोन वर्षं मुलं वर्गात जे वेगळं करत होती ते संध्याकाळी जिन्याखाली एक होत होतं. मावशींचा दोष नव्हता, कोणी दुसरी पिशवी दिलीच नव्हती. आधी ती मागून घेतली. हे न बघता तपासणी केली असती तर सगळा खेळ फुकट होता, म्हणून ज्यांना असा प्रकल्प करायचा असेल त्यांनी पहिली भेट झाडणाऱ्या माणसाची घ्यावी.

तपासणी फक्त आपल्या वर्गाच्या डब्यांची करायची. स्वच्छतागृहाचा डबा नाही आणि घरचा कचरा शाळेत मागवायचा नाही. डबा आधी मी एकटीने बघितला, त्यात काच, ब्लेड, वापरलेला मास्क नाही ना म्हणून. मग जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली. हातमोजे घालून वस्तू उचलायला मी आणि चिमटे घेतलेली चार मुलं. बाकीच्यांनी ‘हे कुठलं’ ते सांगायचं आणि लिहायचं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. बॅग तोलायचा लटकता काटा लहान वजनांना भरवशाचा नसतो, ५० ग्रॅमचा कागद त्यावर कधी दिसतो, कधी नाही. दोन तास लागतात, एका तासात उरकत नाही, आणि शेवटची दहा मिनिटं साबणाने हात धुण्यासाठी राखून ठेवावी लागतात.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर तपासणी केली. हजेरी ३२. आधी रिकामं प्लॅस्टिकचं घमेलं तोललं, ३१० ग्रॅम. निळा डबा त्यात रिकामा करून तोलला, ९५०. वजाबाकी मुलांनी फळ्यावर केली: सुक्या कचऱ्याच्या डब्यात ६४० ग्रॅम. हिरव्यात तशाच हिशेबाने १७०.

मग निळ्या डब्यातला कचरा निवडला. चांगला कोरडा कागद १४० ग्रॅम. ओला होऊन चिकटलेला कागद १२०. पिशव्या, बाटल्या, फॉइल मिळून ९०. पेन्सिलीची सालपटं आणि केर ४०. पोळ्यांचे तुकडे, भात, केळीची सालं, म्हणजे जे हिरव्यात हवं होतं ते, २३० ग्रॅम. बेरीज आली ६२०. एका मुलाने लगेच हात वर केला. “वीस ग्रॅम कोणी घेतले?” कोणी घेतले नव्हते. थोडं पाणी अंथरलेल्या कागदांनी शोषलं होतं, थोडा चुरा तिथेच चिकटला होता. अशी थोडी घट नेहमीच येते. ती खोडून बेरीज जुळवायला मी मुलांना दिली नाही. वहीत ‘हरवले २०’ असंच लिहिलं.

टक्केवारी तिसरीत नसते आणि तिची गरजही पडत नाही. चौकटीच्या कागदावर २० ग्रॅमला एक चौकोन असा चित्रालेख केला. चांगला कागद ७ चौकोन, भिजलेला ६, प्लॅस्टिक वगैरे साडेचार, केर २ आणि ओला कचरा साडेअकरा. सुक्या डब्यात सगळ्यात उंच खांब ओल्याचा होता. हिरव्या डब्यात ओला कचरा १५० ग्रॅमच निघाला, बाकी २० ग्रॅम रॅपर. म्हणजे ओला कचरा त्याच्या स्वतःच्या डब्यापेक्षा चुकीच्या डब्यात जास्त होता.

त्या भिजलेल्या सहा चौकोनांवर आम्ही बराच वेळ थांबलो. तो कागद कोणी चुकीच्या डब्यात टाकला नव्हता. मुलांनी तो बरोबर टाकला होता. त्यावर नंतर वरणभात येऊन पडला. टाकणाऱ्याची चूक मोजायची तर २३० ग्रॅम, पण नुकसान ३५० चं झालं. ओली रद्दी वजनाला जास्त भरते, म्हणून रद्दीवाला ती घेत नाही, आणि काही दिवस बंद पिशवीत राहिली की तिला बुरशी धरते. पुण्यात हा माल विकून कमावणाऱ्या कचरावेचक बायका आहेत. १९९३ मध्ये त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते. घरटी महिन्याचं शुल्क आणि निवडलेल्या सुक्या मालाची विक्री यावर त्यांचं घर चालतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी हे काम करते. कोणता कागद पांढरा म्हणून वेगळा विकला जातो आणि कोणता मिक्समध्ये, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं. तिला पुढे बोलावलं नाही, तिनेच जागेवरून सांगितलं आणि मी ते फळ्यावर लिहिलं.

चूक का होत होती, याचं मला वाटलेलं कारण अर्थातच ‘ओला’ शब्दाचा घोळ. तो होताच, पण मुलांनी दुसरं कारण दाखवलं. निळा डबा दाराजवळ होता, हिरवा माझ्या टेबलामागे. डबा खाऊन हात धुवायला जाताना वाटेत निळाच लागायचा. माझ्या टेबलामागे यायचं तर बाईंसमोरून यावं लागतं, आणि हातात न खाल्लेली भाजी असते. एवढ्यासाठी कोण येणार?

दोन्ही डबे दाराजवळ शेजारी ठेवले. हिरव्यावरचं झाकण काढलं, कारण हात भरलेले असताना ते उघडायला कोणालाच आवडत नव्हतं. ‘ओला’ खाली मुलांनी मोठ्या अक्षरात ‘कुजणारा’ लिहिलं, आणि शेजारी एक वाळकी पोळी चिकटपट्टीने लावली. मुंग्या आल्यावर ती काढून तिचं चित्र लावावं लागलं.

दुसरी तपासणी तीन आठवड्यांनी, पुन्हा बुधवारीच केली. वार तोच हवा, कारण शनिवारी बहुतेक मुलं डब्यात कोरडा खाऊ आणतात आणि ओला कचरा आपोआप कमी निघतो. हजेरी बघितली, या वेळी ३१, म्हणजे तुलनेला चालेल. दिवस आधी सांगितला नव्हता. सांगितला असता तर त्या दिवशी डबे आरशासारखे लख्ख असते. निळ्या डब्यात ओला कचरा ६० ग्रॅम निघाला आणि भिजलेला कागद २०. साडेअकरा चौकोनांचे तीन झाले, सहाचा एक. वर्गात टाळ्या झाल्या.

एक आकडा मात्र मला खटकला. हिरव्या डब्यात ओला कचरा २१० ग्रॅम होता. पहिल्या वेळी दोन्ही डबे मिळून ओला कचरा ३८० ग्रॅम होता, आता दोन्हीकडचा मिळून २७०. एवढी मुलं एकदम सगळा डबा संपवायला लागली? विचारलं तर सगळे गप्प. मग एकीने हळूच स्वतःच्या बाकाचा खण उघडून दाखवला. कोपऱ्यात रुमालात बांधलेला पोळीचा रोल होता. तपासणी कधी होईल याचा नेम नाही, मग आपल्यामुळे डबा ‘चुकीचा’ निघायला नको, म्हणून काही मुलं उरलेलं खणात ठेवून शाळा सुटल्यावर घरी नेत होती, काही विसरत होती.

त्या दिवशी ३१ खण उघडले. अकरा खणांत काही ना काही सापडलं, एकात तर संत्र्याची सालं अगदी कडक वाळून गेली होती. त्यांच्या मालकाने ती बोटात धरून माझ्याकडे बघितलं आणि कोणी काही सांगायच्या आत हिरव्या डब्यात टाकली. आता तपासणीच्या तक्त्यात ‘निळा’ आणि ‘हिरवा’ यांच्याखाली तिसरी ओळ आहे, ‘खण’. ती भरताना कोणाचं नाव लिहायचं नाही, असं मुलांनीच ठरवलं आहे.